पोहता न येणारा प्रेम

बदलापूरला रिक्षाच्या रांगेत उभ्या भारतीताई ऐकत होत्या; त्यांच्या पुढे नुकतेच ग्रॅज्युएट झालेले तिघे दोस्त सहल ठरवत होते.

"धबधब्याच्या कुंडात उड्या मारू. फुकटात थ्रिल!" तुषार म्हणाला. "हो," प्रेम म्हणाला.

"तिथे बंदी आहे. कोलाडला राफ्टिंग करू, जॅकेट, गाइड सगळं मिळतं," सुरुची म्हणाली.

"आणि रात्री रिसॉर्ट," तुषारने जोडलं.

"प्रत्येकाची काँट्री दोन-दोन हजारच ठरलीय, तुषार. त्यात एकच काहीतरी होईल. प्रेम, तू बोल ना."

"मला पोहता येत नाही."

"काय? आणि कुंडाला हो म्हणालास?" तुषारने विचारलं.

"तू उडी मारणार, मग मीही मारली असती."



"रिसॉर्ट कॅन्सल," तुषार म्हणाला. "राफ्टिंग करून संध्याकाळी परत. गाइडला आधीच सांगू. प्रेम, तू मधे बस."

"मधे नाही. जॅकेट असेल तर पुढेच बसणार."