तोंडी परीक्षेचे नऊ गुण

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंप्याचे कान शेजारच्या दोघी बहिणींकडे लागले होते. थोरली शिक्षिका होती.

"ताई, बेरीज तर कॉम्प्युटर करतो. मग चूक कशी?"

"तोंडी परीक्षेचे गुण मी मेसेजमधून उचलून तक्त्यात चिकटवले. काही आकड्यांमागे न दिसणारी मोकळी जागा आली. त्यांना मजकूर समजून सूत्राने बेरजेतून गाळलं."

"आणि सांगितलं नाही?"

"चकार शब्द नाही."

"मग तुला कळलं कसं?"

"बाकीचे आकडे रकान्यात उजवीकडे होते, हे डावीकडे चिकटलेले. जागा पुसली, तर चौथ्या आलेल्या मुलाचे नऊ गुण वाढले. तो पहिला आला आणि पुढचे तिघे एकेक पायरी खाली."

"अगं बाई! पहिली आलेली मुलगी?"

"बक्षीस घेऊन गेली होती. मीच घरी जाऊन सांगितलं."

"रडली?"

"नाही. म्हणाली, 'बाई, मागच्या वर्षी मी तिसरी होते. तो तक्ताही तुमचाच ना?'"

"मग?"

"मग काय, दोघींनी शाळेत जाऊन तो उघडला."

शिंप्याचा नंबर पुकारला गेला. तो जागचा हलला नाही.

"निघाली चूक?"

"नाही गं. तिसरीच होती. तेव्हा मात्र रडली."