दगडावर कोरलेला डोळा

भिलाई-३च्या नेत्रालयात कामावर डोळा फुटल्यानं पट्टी बांधलेला कंत्राटी कामगार बळीराम आणि इतिहास शिकणारी त्याची लेक आम्रपाली बोलत होती. बाकावर शेजारी बसलेले निवृत्त कारकून मारोतराव कान देऊन ऐकत होते.

"बाबा, ठेकेदारानं भरपाईचे नियम लिहून देल्ले. आता मनमानी नाही चालत. सही करा."

"लिहिलं म्हंजे न्याय झाला का?"

"बॅबिलोनच्या राजानं कायदा दगडावर कोरला होता. मोहोर लागलेला निकाल न्यायाधीशानं फिरवला, तर बारापट दंड, अन् आसन कायमचं गेलं."

"अन् डोळा फोडला तर?"

"मोठ्यानं मोठ्याचा फोडला, तर त्याचाबी फोडत."

"साध्या माणसाचा?"

"ठरलेली चांदी."

"गुलामाचा?"

"त्याची अर्धी किंमत. तेबी मालकाले."

"मंग आधी वाच पोरी. ह्यात मले कोन लिहिलं?"

मारोतरावांना पान उलटल्याचा आवाज आला. मग पेनाला टोपण लावल्याचा.