न्हवं

मंडळी, नमस्कार. इथं सरांच्या फोटोसमोर उभं राहून बोलणं जड जातंय. मी बोलताना अडखळले तर सांभाळून घ्या.

मधुकर सर इंदूरचे. तीस वर्षं शाहूपुरीत राहिले, पण कोल्हापुरी बोलणं त्यांच्या अंगवळणी पडलं नाही. माझ्या वडिलांचं, नानांचं, पुस्तक त्यांनी हिंदीत नेलं. मीही अनुवादच करते. पण तो हिंदी अनुवाद मी नाना गेल्यावर वाचला, तोही दत्तूकाकांच्या नातीचा इचलकरंजीहून फोन आला म्हणून.

दत्तूकाका गारगोटीच्या शाळेत शिपाई होते. नाना तिथं नवे मास्तर. पेपर फोडल्याचा आळ नानांवर आला. चौकशीत विचारलं, पाकीट सीलबंद होतं, हे कुणी बघितलं का? सगळे माना खाली घालून बसलेले. एकटे दत्तूकाका उठले, म्हणाले, "मी बघितलं न्हवं." नानांची नोकरी त्या एका वाक्यावर वाचली, आणि नानांनी ते पुस्तकात तसंच्या तसं लिहिलं.

हिंदीत छापलं होतं, 'मैंने नहीं देखा.'

नात फोनवर रडत होती. "आत्या, आजोबांनी साक्ष दिली न्हाय व्हय?"

मी तडक सरांकडं गेले. रागात होते. सर म्हणाले, "न्हवं म्हणजे नव्हतंच ना?" म्हटलं, सर, न्हवतं वेगळं, न्हवं वेगळं. 'बघितलं न्हवं' म्हणजे बघितलंच की, आणि वर सांगतोय की. पुढचं वाक्य होतं, 'सगळे गप्प झाले.' ते दोन्ही अर्थांना चालतं, म्हणून चूक कुणाला खटकली नाही.

सर म्हणाले, "मला कानानं ऐकायचंय." दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं गारगोटीच्या बाजारात. सरांनी एका मावशींना विचारलं, वांगी ताजी आहेत का? मावशी म्हणाल्या, "आत्ता तोडून आणल्यात न्हवं." सर तिथंच, पिशवी हातात धरून, तेच वाक्य पुटपुटत राहिले.

चूक कुणाकडून होत नाही? पण तिच्यामागं इतकं चालत जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सरांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं. उरलेल्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी स्वतः बसून चिकटवली. मग इचलकरंजीला दत्तूकाकांच्या घरी गेले, नातीसमोर नवं वाक्य वाचलं, 'मैंने अपनी आँखों से देखा, और क्या!' आणि हात जोडले.

काका म्हणाले, "बसा पावणं. च्या घ्या. मी तवाच सांगितलंतं."

त्या घरात एका म्हाताऱ्याची मान परत ताठ झाली, ती सरांमुळं. माझ्या वडिलांचा शब्दही सरांमुळंच खरा राहिला. सर, हे ऋण मला फेडायचं नाही. ते माझ्याकडंच राहू दे.

त्यानंतर कुठलाही अनुवाद करताना, प्रत्येक पान झालं की सर मला फोन करून विचारायचे, "बरोबर आलं का?"

मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मला मात्र आधी एवढंच सांगू दे.

सर, बरोबर आलं न्हवं.