तानाबाईचा बिल्ला

आणि वर तानी मलाच म्हणती, "बायडे, तू मैतरीण न्हवं, वैरीण हाईस." मला म्हणती! बारा वर्सं जिच्या डब्यातली आमटी हिनं ओरपली, जिच्या खांद्यावर मान टाकून ही रोज बसमधनं घोरत आली, ती मी वैरीण. का? तर मी हिचा बिल्ला टाकला न्हाय. टाकणार बी न्हवतो. तुम्हास्नी सांगतो, टाकला असता ना, तर आज आम्ही दोघीबी घरात बसून एकमेकीच्या उवा बघत बसलो असतो.

आता बिल्ला म्हंजे काय ते आधी ऐका. आम्ही बाया इचलकरंजीच्या वाटंवरच्या सूतगिरणीत मशीनवर सुताच्या लडी काढायला जातो, शिवाजी पेठंतनं आम्ही दोघी, मी आन् तानाबाई. तर गेटात एक लाकडी फळी हाय, फळीला खिळं, दर खिळ्यावर पितळेचा बिल्ला, बिल्ल्यावर आपला नंबर. आपण आलो की आपल्या हातानं आपला बिल्ला काढायचा आन् खालच्या पेटीत टाकायचा, झाली हजेरी. आठचा भोंगा वाजला की टाइमकीपर महालिंगअण्णा पाच मिनिटं थांबतो आन् पेटीला कुलूप घालतो. मग फळीवर जितकं बिल्लं लटकत ऱ्हायलं तितक्या बाया गैरहजर, आन् तितक्याच बदलीच्या बाया गेटाभायरनं आत. ह्या बदलीच्या बाया रोज सकाळी डबा घिऊन लिंबाखाली बसत्यात. कुणाचा बिल्ला ऱ्हातोय तिकडं डोळं लावून. न्हाय ऱ्हायला, तर तसाच डबा घिऊन माघारी. आमच्या खात्याची बदली म्हंजे बसव्वा, गडहिंग्लजकडची. गरीब बाई, कुणाला कधी "आज नको येऊस" असं बी म्हणत न्हाय.

तर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तानी माझ्या अंगाला घासून बसली. मला तवाच कळायला पायजे होतं. तानी घासून बसली की एकतर तिला लोणचं पायजे असतं न्हायतर काम असतं. म्हणती, "बायडे, ऐतवारी माझा तेवढा बिल्ला टाकशील?"

म्या म्हटलं, "आन् तू?"

"मी म्याचला जाणार. जयसिंगाची फायनल हाय."

जयसिंग म्हंजे तिचा थोरला. आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. आता कोल्हापुरात फायनल म्हंजे काय ते मी तुम्हास्नी सांगायला नको, पेठंतल्या म्हशी सुदिक त्या दिवशी दूध चोरत्यात. पण आमची सुट्टी सोमवारी, आन् फायनल ऐतवारी चारला. पोरगं पहिल्यांदा फायनल खेळणार आन् आई लडी काढत बसणार व्हय? तिचं बी खरं होतं. मी न्हाय म्हणत न्हाय.

"मग रजा माग की," म्या म्हटलं.

"कुणाकडं? त्या गुंड्याकडं?"

गुंडू आमचा जॉबर. खात्यावरचा मुकादमच म्हणा. रजेच्या अर्जावर पहिली सही त्याची. आन् हा गुंडू कुठला? तर पलीकडच्या पेठंतला. फायनल कुणाबरोबर? त्याच पेठंच्या तालमीबरोबर. गेल्या वर्सी जयसिंगानं त्यांची पेनल्टी अडवली, तर ह्यानं दोन दिवस खात्यात कुणाबरोबर शबूद काढला न्हाय, नुसता मशीनकडं बघून सुस्कारं. त्याच्याकडं जाऊन "तुमास्नी हरवायला चाललेल्या पोराची मी आई, रजा द्या" असं म्हणायचं? तानी म्हणाली, "त्याच्यापरीस तू बिल्ला टाक. धाच्या वक्ताला म्हण, तानीच्या पोटात कळ आली, दवाखान्यात गेली."

"गेटपास न्हाय काढला, तर गेटातनं भायर गेली कशी, उडून?"

तर म्हणती, "बरं, बिल्ला नको. नुसतं सांग, तानीची सासू सिरियस हाय."

अवं तिची सासू! ती ह्या वर्सात दोन येळा सिरियस झालती. एकदा तानी भाचीच्या बारशाला गेली तवा, आन् एकदा नुसतीच पोहं खाऊन झोपली तवा. दोन्ही येळंला रजेचा अर्ज न देता ऱ्हायली म्हणून हिला दोन मेमो. तिसरा मेमो म्हंजे काय म्हाईत हाय? कायम बायांच्या यादीतनं नाव खाली, बदलीत. म्हंजे उद्यापासनं बसव्वाच्या शेजारी लिंबाखाली डबा घिऊन बसायचं. बारा वर्सं लडी काढून!

म्या सरळ सांगितलं, "ताने, मी न्हाय. बिल्ला न्हाय आन् सासू बी न्हाय. माझ्या तोंडाला खोटं चिकटत न्हाय, त्याला मी काय करू?"

हे मी नखरा म्हणून बोलत न्हाय बरं का. एकदा आमचं मालक म्हणालं, दारात कोण पावणं आलं तर सांग, मी घरात न्हाय. आलं पावणं. म्या सांगितलं, न्हाईत घरात. आन् मागं वळून आत वरडलो, "अवं, म्या सांगितलं तुम्ही न्हाईसा म्हणून, आता च्या ठिवू का जातील ते?" तर असं हाय. चिकटतच न्हाय, त्याला मी काय करू?

आन् खोटं बोललो असतो, तरी काय झालं असतं? बिल्ला पेटीत, म्हंजे कागदावर तानी हजर. म्हंजे बसव्वाला आत घेणार न्हाईत. मग तानीचं मशीन चालवणार कोण, मी? दोन मशिनी? दिवस सरताना दर बाईच्या लडी मोजून घेत्यात, तवा तानीच्या नावावर काय दाखवायचं, माझा पदर? आन् दुसऱ्याचा बिल्ला टाकला की चार्जशीट दोघींस्नी, जिचा बिल्ला तिला बी आन् टाकणारीला बी. गेल्या दिवाळीच्या आधी स्पिनिंगमधल्या दोन बाप्यांस्नी ह्याच्यापायीच घरी पाठवलंय. हे समदं म्या तिला सांगितलं. तर म्हणती काय, "तुला कायदा दिसतोय, माझं पोरगं दिसत न्हाय. तू मैतरीण न्हवं, वैरीण हाईस." आन् उठली. डबा झाकला. लोणच्याची फोड माझ्या झाकणात तशीच टाकून गेली. तवा मला कळलं की हा राग खरा हाय.

संध्याकाळी बसमधी माझ्या शेजारची जागा सोडून पुढं एका अनोळखी बाईच्या मांडीवर बसल्यागत बसली. झोप आली तर डोकं खिडकीवर आपटून घेतलं, पर माझ्या खांद्यावर न्हाय टाकलं. टकटक आवाज येत होता मागपर्यंत. मला वाईट वाटलं. खरं सांगतो, लय वाटलं. रातभर नवऱ्याला उगंच बोलत ऱ्हायलो. तो म्हणाला, "टाक की बाई बिल्ला आन् मला झोपू दे." म्या म्हटलं, चिकटत न्हाय खोटं, त्याला मी काय करू, कूस बदला.

पण शनवारी सकाळी मी तिच्या दारात. मी चौथी शिकलेली, तानीला नुसती सही येती, म्हणून अर्ज म्याच लिहून नेला. रजेचा अर्ज आदल्या दिवशी जॉबरच्या हातात पायजे, न्हायतर मग अर्धी पाळी बी मिळत न्हाय. म्या वाचून दाखवला, "अर्जदार तानाबाई, बिल्ला नंबर एकशेचव्वेचाळीस. ऐतवारी दुपारपासनं अर्ध्या दिवसाची रजा पायजे. कारण, माझा मुलगा फायनल म्याच खेळतोय. तो गोलकीपर हाय. मी त्याची आई हाय."

तानी कपाळावर हात मारून म्हणाली, "हे वाचून गुंड्या माझीच लडी काढंल."

"काढू दे. मी संगट येतो. तुझ्यासाठनं खोटं बोलणार न्हाय, पर तुझ्यासाठनं भांडंन. त्यात काय कमी पडायची न्हाय."

ती तोंड फुगवून आली. पर आली.

गुंडू खात्याच्या दारात उभा, हातात पाळीची वही. म्या अर्ज दिला. त्यानं वाचला. परत वाचला. मागं मशिनी घरघरत्यात, आन् आम्ही दोघी अशा उभ्या जशा पोलीस ठाण्यात. मग त्यानं डोळं वर केलं.

"जयसिंग तुझा?"

"व्हय," तानी.

"पेनल्टी अडवली ती?"

"व्हय," आणखी बारीक आवाजात.

म्या मनात म्हटलं, गेलं आता, रजा बी गेली आन् मैतरीण बी. तर हा खिशात हात घालतो, एक घडी घातलेला कागद काढतो आन् तानीच्या नाकासमोर धरतो. म्हणतो, "हे काय हाय म्हाईत हाय? तिसरा मेमो. ऑफिसातनं टाइप करून आणून ठिवलाय. तुझ्या पोराची फायनल मला म्हाईत न्हवती व्हय? ऐतवारी सकाळी सासूचं कारण आलं की तारीख घालायची तेवढी बाकी होती. तुझी सासू परवा मंडईत मिरच्याच्या भावावरनं तासभर भांडत होती, मी शेजारी उभा."

आता बघा. म्हंजे माझ्या तोंडाला खोटं चिकटलं असतं तर ऐतवारी सकाळी ते मीच ह्याच्या पुढ्यात नेऊन ठिवलं असतं, आन् तानी तिथंच लिंबाखाली! "पर तू खरं लिहून आणलंस," म्हणाला, आन् त्यानं मेमो फाडला. चार तुकडं. अर्जावर सही केली आन् म्हणाला, "साडेबाराला गेटपास घिऊन जा. दुपारनंतर बसव्वाला घेतो. पण पोराला सांग, डावीकडं जरा ढिला ऱ्हा म्हणावं."

म्या म्हटलं, "तसलं काय सांगणार न्हाय ती. खेळात बी खोटं चालायचं न्हाय."

"तू गप गं," तानी म्हणाली. म्हंजे बोलली! कालपासनं पहिल्यांदा मैतरणीगत हक्कानं बोलली. मी तडक गेटावरच्या माठाकडं गेलो आन् तीन तांबं पाणी प्यालो. महालिंगअण्णा म्हणतो, "ए बाई, बाकीच्यांस्नी बी ऱ्हाऊ दे की." संध्याकाळी बसमधी म्हणाली, "सरक." सरकलो. पाच मिनिटात घोराय लागली, खांद्यावर लाळ. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. ती लाळ म्या पुसली बी न्हाय.

म्याच? हरली. जयसिंगानं दोन खाल्लं. मंगळवारी गुंडूनं अख्ख्या खात्यात पेढं वाटलं, पहिला तानीच्या हातावर. तिनं खाल्ला. म्हणाली, "ग्वाड हाय, पर शिळा हाय." त्याच्या तोंडावर!

आन् तितनंच सुरू झालंय बघा. खरं बोलून कुणी मरत न्हाय, हे तिला कळलंय. दुसऱ्या दिवशी डबा उघडला, माझी आमटी एक घास खाल्ली आन् म्हणती, "बायडे, बारा वर्सं तुझं मन राखलं. खरं सांगू? तुला आमटी करायला येत न्हाय."

तवापासनं बी रोज तीच आमटी नेतो, आन् ती रोज नावं ठेवत रोज संपवती.