काळ्या मेंदीचं पाकीट

डाय का मेंदी म्हणून भांडताय, तर ऐका. माझ्या मैत्रिणीच्या, शैलाच्या चुलतबहिणीचा सांगलीत साखरपुडा होता. आई नसलेली ती पोर शैलानंच वाढवलेली.

"डायनं खाज सुटती गं, मेंदीच लाव," शैला म्हणाली.

"मेंदीनं पांढरे केस केशरी हुत्यात. फोटोत कशी दिसशील?" मी म्हटलं.

शेवटी मीच काळ्या मेंदीचं पाकीट आणून तिच्या केसांना लावलं. नुसत्या मेंदीनं केस काळे होत न्हाईत, त्यात डायचंच रसायन असतंय, हे मला कुठं ठाऊक! आधी कानामागं लावून दोन दिवस बघा, असं पाकिटावर लिहिलेलं. वाचतंय कोण?

साखरपुड्याच्या सकाळी शैलाचं तोंड सुजलं, डोळे उघडंनात.

"तू जा," ती म्हणाली. "फोटो काढून आण. डोळे उघडले की बघीन."