बसू नका, पावणं!

आमच्या ताईला बघायला पावणं आलतं, तवाचं सांगतो. टीव्हीवर भारताची मॅच लागलेली. मुलगा पाणी घ्यायला उठला आणि सिक्स गेला. बसला, तर विकेट पडली. आमचे आप्पा ओरडले, "पावणं, बसू नका!" बिचारा पोह्यांची बशी धरून तासभर उभा. मधी एक विकेट पडलीच. आप्पा म्हणाले, "पाय हलवलासा की!"

शेवटी आपण जिंकलो. आम्ही नाचाय लागलो, तर त्यो हळूच म्हणाला, "ही कालची मॅच हाय. परत दाखवायल्यात."

आमची तोंडं उघडीच! काल आमच्या गल्लीत दिवसभर लाईट नव्हती.

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही बोलू दिलंसा कुठं?"

आप्पा म्हणाले, "म्हंजे कालबी कोनतरी उभं ऱ्हायलं असणार!"