फोन पर्सीत, हात खिशात

आता मले सांगा, खिसा रिकामा असून मांडी काहून थरथरन? पण थरथरली, तुमाले सांगतो, आईच्यान! तेबी अकोल्यात, पोरीच्या सोयरिकीच्या बैठकीत! इवाई पंजाबराव, म्हंजे नवरदेवाचे बाप, समोर बसून राहिले अन् मी खिसा चाचपून राहिलो... फोन कुठी? पोरीच्या पर्सीत! बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवरच काढून घेतला होता तिनं. काम होतं का मले फोनचं? काईच नाई!

रागिणी म्हंजे माही पोरगी, अमरावतीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. गाडी येईपर्यंत म्या दहा डाव फोन काढला म्हणे. "बाबा, किती वाजले?" टाइम पाहालेच तर काढला होता! पण वाजले किती... सांगता ये ना! व्हॉट्सॅप पाहून, संत्र्याचा भाव पाहून, कोण्या अनोळखी माणसाच्या बकरीचा व्हिडिओ पाहून फोन परत खिशात! मंग लेक्चर सुरू: "बाबा, दर डावाले मेसेज असता ना, तर तुमी इतक्यांदा पाहिलंच नसतं. नऊ डाव काई नाई, दहाव्याले काईतरी गवसते, पण दहावा कवा येईन ते ठाव नाई, म्हणून हात जाते. मन रिकामं झालं, नाईतर अवघडलं, का गेलाच हात! ठरवाच लागत नाई." म्या म्हटलं, आण फोन, लिहून ठेवतो!

बैठकीत चहा झाला, चिवडा झाला, पावसापाण्याचं बोलणं सरलं अन् सारे चूप... माहा हात खिशात! तेवढ्यात नवरदेवाच्या, म्हंजे शेखरच्या, मामानं फोन काढला, मंग तर बोटं अशी शिवशिवली! अन् तवाच मांडी थरथरली. कोणाचा असन? भावाचा? गावात कोणी गेलं का काय? काम होतं का? काईच नाई! पण मी मनातल्या मनात मेसेज वाचून राहिलो अन् पंजाबरावानं काईतरी विचारलं. म्या म्हटलं, "हाव हाव, काहून नाई!"

बायकोनं, शकुननं, असा चिमटा काढला! पंजाबराव म्हणत होते, "लग्नानंतर पोरीले नोकरी सोडा लागन, चालन ना?" गेली ना माय! बापाचा शब्द, चार पाहुण्यांत! पोरीनं पाच वर्षं घासून मिळवलेली नोकरी म्या देऊन टाकली, रिकाम्या खिशापायी, राजेहो!

पण रागिणी रडली नाई, भांडली नाई. नुसती पंजाबरावाकडे पाहात बसली. पुन्हा सारे चूप... अन् पंजाबरावाचा हात गेला खिशात! फोन निंघाला, मान वाकली, अंगठा सुरू. तशी पोट्टी हळूच म्हणते, "काकाजी, मी नोकरी सोडत नाई, शेखरच अमरावतीले राहाले येईन, चालन ना?"

"हाव हाव, काहून नाई!"

नवरदेवानंच टाळी वाजवली, हो!

मंग आमी दोन्ही इवायांनी कानाले खडा लावला. लग्नात फोन बंद, म्हंजे बंद! तसा ग्रुपबी काढला, 'बिनफोनचं लग्न'. कालपासून दोनशे मेसेज येऊन पडले त्याच्यावर... काम काईच नाई! पण पोरीचा बाप हाय मी, पाहा तर लागन ना!